वर्गाच्या ग्रुपवर आलेली वरात

एका माणसाच्या छायाचित्रातला चेहरा घेऊन दुसऱ्या माणसाच्या चित्रफितीत बसवणे म्हणजे फेस स्वॅप. अंग, कपडे, हालचाल, मागची जागा आणि आवाज मूळ माणसाचाच राहतो. भुवयांपासून हनुवटीपर्यंतचा भाग तेवढा बदलतो. महाविद्यालयातली मुले हा खेळ बहुतेक वेळा गमतीसाठीच खेळतात. सिनेमातल्या नायकाच्या जागी मित्र, भाषण करणाऱ्या पुढाऱ्याच्या जागी आणखी कुणी, असे त्याचे स्वरूप असते. ज्यांना तो मित्र माहीत आहे आणि ही थट्टा आहे हेही माहीत आहे, त्यांच्यापुरती ती गंमतच असते. चित्रफीत त्या वर्तुळाबाहेर गेली की तिचे काय होते, हे एका गोष्टीच्या आधाराने पाहता येते. ही गोष्ट कल्पित आहे आणि तिच्यातली माणसे कुठल्याही एका महाविद्यालयातली नाहीत, पण तिच्यातला प्रत्येक टप्पा मोबाइलवर जसा घडतो तसाच ठेवला आहे.

पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाचा एक वर्ग आहे. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ७२ मुले-मुली आहेत. प्राध्यापक त्यात नाहीत. वर्गप्रतिनिधी हा अॅडमिन आहे. गुरुवारी रात्री वसतिगृहातल्या एका मुलाच्या मोबाइलवर एक रील येते. वरात चालली आहे, बँजो जोरात वाजतो आहे आणि झिंगलेला एक माणूस डोक्यावर बाटली ठेवून नाचता नाचता स्पीकरच्या गाडीवर कोसळतो. हा नाचणारा अंगकाठीने आपल्या बाकावरच्या सोबत्यासारखा आहे, असे त्या मुलाला वाटते. सोबती सोलापूर जिल्ह्यातल्या एका माळकरी घरातला आहे, दारूच्या वाऱ्यालाही न जाणारा. गंमत आहे ती यातच. मुलगा सोबत्याचा व्हॉट्सअॅपवरचा डीपी उतरवून घेतो, फेस स्वॅपचे एक फुकट अॅप उघडतो आणि चित्रफीत व छायाचित्र त्यात टाकतो. पाच मिनिटांत बारा सेकंदांची नवी वरात तयार होते.

एवढे सोपे हे काम अलीकडेच झाले आहे. डीपफेक हा शब्द २०१७ च्या अखेरीस रूढ झाला, तेव्हा असा चेहरा बसवायला दोन्ही माणसांची शेकडो छायाचित्रे लागत. संगणकाला तासन्‌तास, कधी कधी काही दिवस, त्या दोन चेहऱ्यांचाच अभ्यास करावा लागे. आता वापरात असलेल्या पद्धतीत तो अभ्यास आधीच, लाखो चेहऱ्यांवर, झालेला असतो. त्यामुळे नव्या माणसाचे एकच समोरून काढलेले, बऱ्या उजेडातले छायाचित्र पुरते, आणि डीपी बहुधा नेमका तसाच असतो.

अॅपच्या आत काम टप्प्याटप्प्याने होते. आधी चित्रफितीतल्या प्रत्येक चौकटीत चेहरा कुठे आहे ते शोधले जाते. मग दोन डोळे, नाकाचे टोक आणि ओठांची दोन टोके अशा खुणा धरून तो चेहरा सरळ करून घेतला जातो. दुसरीकडे, डीपीतल्या चेहऱ्याची ओळख आकड्यांच्या एका लांब रांगेत साठवली जाते; प्रचलित पद्धतीत ही रांग ५१२ आकड्यांची असते. त्या रांगेत ‘हा माणूस कोण’ एवढेच असते. तो हसतो आहे की रडतो आहे आणि कुठे पाहतो आहे, हे त्यातून जमेल तितके वगळलेले असते. यानंतर प्रतिमान एक नवा चेहरा तयार करते. त्याची ओळख डीपीतल्या माणसाची असते, पण हावभाव, मान वळवणे आणि उजेड हे सगळे नाचणाऱ्याचे. हा चेहरा पुन्हा तिरपा करून जागेवर बसवला जातो, त्याच्या कडा आजूबाजूच्या त्वचेत मिसळल्या जातात आणि शेवटी धूसरपणा घालवण्यासाठी त्यावर सफाईचा एक हात फिरतो. बारा सेकंदांच्या चित्रफितीत सेकंदाला तीस चौकटी धरल्या तर हे काम ३६० वेळा होते.

या पद्धतीच्या मर्यादाच तिच्या खुणा ठरतात. चेहरा बदलतो, पण डोके बदलत नाही. कान, केस, जबड्याची रुंदी, मान आणि हात नाचणाऱ्याचेच राहतात, म्हणून सोबत्याला जवळून ओळखणारा कानांवरूनही फरक सांगू शकतो. अनेक प्रतिमानांत नवा चेहरा १२८ बाय १२८ ठिपक्यांचा, म्हणजे फार लहान, तयार होतो आणि नंतर ताणून मोठा केला जातो. त्यामुळे शर्टावरची नक्षी स्पष्ट आणि गाल मात्र मेण लावल्यासारखा गुळगुळीत, असे दिसते. प्रत्येक चौकट जवळजवळ स्वतंत्रपणे केली जात असल्याने चेहऱ्याची कड मधूनच थरथरते. सगळ्यात मोठी गफलत होते ती चेहरा पूर्ण बाजूला वळला किंवा त्याच्यापुढे काही आले की. वरातीतला माणूस बाटली सावरायला हात वर नेतो आणि मनगट गालापुढून जाते, त्या दोन-तीन चौकटींत बोटांवरच चेहरा उमटतो, नाहीतर क्षणभर मूळ माणूस दिसून जातो. नोव्हेंबर २०२३ मध्ये अभिनेत्री रश्मिका मंदाना यांचा चेहरा वापरून केलेली लिफ्टमधली चित्रफीत देशभर फिरली. तिच्यातही अगदी सुरुवातीला, लिफ्टमध्ये शिरताना, मूळ तरुणीचा चेहरा दिसतो आणि मग बदलतो. अशा खुणा शोधायच्या तर चित्रफीत थांबवत थांबवत, एकेक चौकट पुढे नेत पाहावी लागते.

व्हॉट्सअॅपवर तसे कुणी पाहत नाही, आणि पाहिले तरी खुणा पुसट झालेल्या असतात. पाठवताना चित्रफीत दाबून लहान केली जाते, त्यात सगळेच थोडे धूसर होते आणि चेहऱ्याचा धूसरपणा वेगळा उठून दिसत नाही. रात्रीचा प्रसंग, हलता कॅमेरा आणि तळहाताएवढा पडदा हे सगळे बनावटीच्या पथ्यावर पडते. ओळख पटायला मेंदूलाही फारसे लागत नाही. डोळे-नाक-ओठांची ठेवण ओळखीची वाटली की उरलेले आपोआप जुळवून घेतले जाते.

गोष्टीतला मुलगा चित्रफीत रात्री ९ वाजून ४० मिनिटांनी वर्गाच्या ग्रुपवर टाकतो. वेगळ्या संदेशात, खाली, तो लिहितो, “उद्याच्या सबमिशनची तयारी जोरात.” दहा मिनिटांत हसण्याच्या खुणांची रांग लागते. कुणी लिहिते, “भावा, माळ कुठं ठेवलीस?” सोबती स्वतःही हसण्याची एक खूण टाकतो. या खुणेला पुढे फार महत्त्व दिले जाते, पण तिचा अर्थ तितका सरळ नसतो. ७१ जण पाहत असताना आपली थट्टा झाली की हसून घेणे हाच बहुतेकांना त्यातल्या त्यात कमी अपमानाचा मार्ग वाटतो. ती खूण म्हणजे संमती नव्हे. शिवाय ती चित्रफीत तयार झाल्यानंतरची आहे, आणि फार तर वर्गापुरती.

आता पसरण्याची क्रिया सुरू होते. व्हॉट्सअॅपवर एखादी चित्रफीत पुढे पाठवली की फक्त ती चित्रफीत जाते. ती मुळात कोणी टाकली हे पुढच्या माणसाला कळत नाही. तिच्याखाली वेगळ्या संदेशात लिहिलेले वाक्य, आधीचे बोलणे, नंतरच्या हसण्याच्या खुणा हे सगळे वर्गाच्या ग्रुपवरच राहून जाते. वर्गात ती थट्टा होती, कारण ७२ जणांना तिघांची माहिती होती: करणाऱ्याची, सोबत्याची आणि त्यांच्या मैत्रीची. पुढच्या ग्रुपवर पोचते ती फक्त दारू पिऊन कोसळणाऱ्या एका ओळखीच्या मुलाची चित्रफीत. कुणीही तिच्यात बदल केलेला नसतो. पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाच्या मनातही बहुधा गंमतच असते; पोचते मात्र दुसरेच काहीतरी. या प्रकारच्या प्रसंगांत सगळ्यात नीट समजून घेण्यासारखी बाब हीच आहे.

रात्री सव्वादहाला वर्गातला एक जण ती आपल्या शाळेच्या जुन्या ग्रुपवर पाठवतो. ती शाळा सोबत्याच्याच तालुक्यातली आहे. दुसरा ती स्टेटसला ठेवतो. त्याआधी, कोपऱ्यातले अॅपचे नाव खटकते म्हणून, तेवढा भाग कापून टाकतो. चित्रफीत बनावट असल्याची एकमेव लिखित खूण इथे जाते, आणि तीही कुणाच्या कपटाने नव्हे, केवळ दिसायला नीटनेटके असावे म्हणून. वसतिगृहाच्या मजल्याच्या ग्रुपवर ती साडेअकराला पोचते. शुक्रवारी सकाळी सात वाजता गावाकडच्या भावकीच्या ग्रुपवर ती उघडली जाते. चुलते सोबत्याच्या वडिलांना फोन करतात, “दादा, पोराकडं जरा लक्ष दे. मोबाइलवर काय आलंय ते बघ.” वडील चित्रफीत पाहतात. त्यांच्यापुढे वर्ग नाही, बाक नाही, सबमिशनचे वाक्य नाही.

पुढे पाठवण्यावर व्हॉट्सअॅपने काही मर्यादा घातल्या आहेत आणि त्यांचा महाराष्ट्राशी दुःखद संबंध आहे. २०१८ साली मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवांमुळे देशात ठिकठिकाणी जमावाने माणसे मारली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांचा असा जीव गेला. त्याच महिन्यात भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आली. पुढे, पाच किंवा अधिक हातांतून आलेल्या संदेशावर दुहेरी बाणाची खूण दिसू लागली, आणि एप्रिल २०२० पासून असा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. मोठ्या अफवांचा वेग यामुळे कमी होतो. वर्गातल्या चित्रफितीला मात्र या मर्यादा फारशा आडव्या येत नाहीत. वर्गापासून भावकीपर्यंत तिला तीनच हात लागले. दुहेरी बाण उमटायच्या आतच ती पोचली. आणि कुणी ती मोबाइलमध्ये उतरवून घेऊन नव्याने टाकली तर बाणांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून होते.

शुक्रवारी आठ वाजता सोबत्याला घरून फोन येतो आणि तो वर्गात जातच नाही. मुलाला हे कळताच तो घाबरून ग्रुपवरची चित्रफीत सर्वांसाठी डिलीट करतो. व्हॉट्सअॅपवर यासाठी पाठवल्यापासून दोन दिवसांहून थोडा अधिक वेळ मिळतो, आणि अॅडमिनला दुसऱ्याने टाकलेला संदेशही काढता येतो. पण याने फक्त त्या ग्रुपवरची प्रत जाते. शाळेच्या ग्रुपवरची, स्टेटसवरची, मजल्यावरची आणि भावकीतली प्रत तशीच राहते, आणि कुणी ती वेगळी जतन केली असेल तर तीही. उलट एक नुकसान होते. चित्रफीत कुणी, कधी, कशी टाकली याचा मूळ ठेवा नाहीसा होतो. ती थट्टा होती हे दाखवणारा पुरावा तेवढाच होता, आणि त्याची गरज करणाऱ्यापेक्षा सोबत्याला जास्त होती. म्हणून अशा वेळी आधी वेळ आणि नाव दिसेल असे पडद्याचे चित्र घ्यावे, चित्रफितीची एक प्रत बाजूला ठेवावी आणि मगच ती काढावी. मात्र चित्रफीत अश्लील असेल तर प्रत कुणालाही, पुरावा म्हणूनसुद्धा, पाठवू नये. ती थेट पोलिसांना दाखवावी.

सोबत्याला खरे सोडवते ती मूळ चित्रफीत. गाल मेणासारखा दिसतो किंवा कड थरथरते, हे वडिलांना आणि चुलत्यांना समजावून सांगणे अवघड आहे. त्यांना तो बचावाचा प्रयत्न वाटू शकतो. पण तीच वरात, तोच शर्ट, तीच बाटली आणि वेगळा चेहरा, अशा दोन चित्रफिती शेजारी शेजारी ठेवल्या की शंका उरत नाही. मूळ चित्रफीत कुठली हे निश्चित माहीत असलेला माणूस एकच असतो, तो म्हणजे करणारा. त्यामुळे माफी मागण्याआधी त्याने ती रील शोधून सोबत्याच्या हाती द्यायला हवी, आणि चित्रफीत जिथे जिथे गेली तिथे दोन्ही एकत्र, स्वतःच्या नावाने, पाठवायला हव्यात. बनावट एकटी फिरली असेल तर खुलासाही एकटा फिरून उपयोग नाही. वेगळा खुलासा वेगळ्याच लोकांपर्यंत जातो. करणारा सापडत नसेल किंवा कबूल होत नसेल तर एखादी चौकट चित्र म्हणून घेऊन, चेहऱ्याचा भाग कापून, उरलेल्या देखाव्यावरून इंटरनेटवर चित्रशोध करता येतो. चेहरा बनावट आहे. स्पीकरची गाडी आणि मांडवाची कमान खरी आहे, आणि शोध त्यांच्यावरच लागतो.

गंमत केली, हेतू वाईट नव्हता, हे म्हणणे कायद्यापुढे किती टिकते हा पुढचा प्रश्न. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. रॅगिंग म्हणजे नव्या मुलांचा वरच्या वर्गाने केलेला छळ, अशी सर्वसाधारण समजूत असली तरी कायद्याची व्याख्या रुंद आहे. विद्यार्थ्याला शारीरिक किंवा मानसिक इजा होईल, भीती, लाज किंवा संकोच वाटेल असे वर्तन तिच्यात येते, आणि चिडवणे व चेष्टा करणे यांचा उल्लेख तिच्यात स्पष्टपणे आहे. संस्थेच्या आवारात आणि आवाराबाहेरही रॅगिंगला मनाई आहे, म्हणून रात्री वसतिगृहातून मोबाइलवर केलेली गोष्टही विचारात येऊ शकते. तक्रार आल्यावर संस्थेच्या प्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य आढळले तर विद्यार्थ्याला निलंबित करून ती पोलिसांकडे पाठवायची असते. दोष सिद्ध झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यापाठोपाठ महाविद्यालयातून काढले जाते आणि पाच वर्षे दुसऱ्या संस्थेत प्रवेश मिळत नाही. विशीतल्या मुलाच्या दृष्टीने कैदेइतकीच ही शेवटची तरतूद जड आहे.

अब्रुनुकसानीचे कलम, म्हणजे भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६, याच अंगाने महत्त्वाचे आहे. ते दृश्य माध्यमालाही लागू होते, आणि त्यासाठी बदनामीचा हेतूच हवा असे नाही. आपल्या कृतीने समोरच्याच्या लौकिकाला बाधा येईल हे माहीत असणे, किंवा तसे मानायला कारण असणेही पुरते. माळकरी घरातल्या मुलाला दारुडा दाखवताना हे माहीत नव्हते असे म्हणणे कठीण आहे, कारण गंमत त्यावरच उभी होती. रश्मिका मंदाना प्रकरणात दिल्ली पोलिसांनी बनावट दस्तऐवजाच्या कलमांबरोबर माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६ क आणि ६६ ई ही कलमे लावली. अटक झालेला तरुण त्यांचा चाहता होता आणि चाहत्यांच्या पानाचे अनुयायी वाढवण्यासाठी त्याने ते केल्याचे पोलिसांनी सांगितले. चित्रफीत अश्लील असेल तर त्याच कायद्याची ६७ आणि ६७ अ ही कलमे येतात. ती प्रसारित करणाऱ्यालाही लागतात, म्हणून पुढे पाठवणारेही त्यात अडकतात.

वर्गप्रतिनिधीला आपण अॅडमिन असल्याची भीती वाटणे स्वाभाविक आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली या प्रश्नावर निकाल दिला. सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, दोघांचा समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल तर, केवळ अॅडमिन म्हणून कुणाला गुन्हेगार धरता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. अॅडमिन या जबाबदारीतून सुटला तरी त्याच्या हातात एक गोष्ट होती. गुरुवारी रात्री पावणेदहाला, पहिला हात पुढे पाठवायच्या आधी, चित्रफीत काढता येत होती. सव्वादहानंतर तो मार्ग बंद झाला.

चित्रफीत ग्रुपांतून निघून इन्स्टाग्राम किंवा फेसबुकवर गेली तर मार्ग बदलतो. व्हॉट्सअॅपवरचे संदेश पाठवणारा आणि घेणारा यांच्यापुरते कुलूपबंद असतात, म्हणून कंपनी स्वतःहून ते शोधून काढू शकत नाही. सार्वजनिक मंचांवर मात्र ज्याचा चेहरा आहे त्याने स्वतः तक्रार केली तर बनावट रूप धारण करणारी, बदललेल्या चित्रांची सामग्री काढण्याचे बंधन २०२१ च्या नियमांनी घातले, आणि त्यासाठी २४ तासांची मुदत ठरवून दिली. पोलिसांकडची तक्रार cybercrime.gov.in या संकेतस्थळावर करता येते. खासगी, नग्नतेच्या चित्रांसाठी StopNCII.org ही सोयही आहे. तिथे चित्र पाठवावे लागत नाही. तक्रारदाराच्या मोबाइलवरच त्या चित्राचा एक अंकांचा ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्यांना तेवढाच दिला जातो. त्या ठशाशी जुळणारे चित्र त्यांच्या मंचावर आले की अडवता येते.

वरातीची चित्रफीत या शेवटच्या सोयीत बसत नाही, कारण तिच्यात नग्नता नाही. गोष्टीतला मुलगा शुक्रवारी दुपारी मूळ रील शोधतो आणि सोबत्याच्या वडिलांना स्वतः फोन लावतो. शाळेच्या ग्रुपवर, मजल्यावर आणि चुलत्यांमार्फत भावकीच्या ग्रुपवर दोन्ही चित्रफिती एकत्र जातात. स्टेटस लावणारा ते काढतो, पण रात्रभरात ते ज्या ४० जणांनी पाहिले त्यांतल्या कुणी ते उतरवून घेतले हे त्यालाही सांगता येत नाही. महाविद्यालयाकडे तक्रार करायची की नाही हे ठरवण्याचा हक्क सोबत्याचा राहतो, आणि मुलाने दिलेल्या कबुलीने तो कमी होत नाही.